कानावरची कुर्ली
टोचलेल्या कानावर किंवा टाक्यावर गाठ वाढू लागली तर काय करावे, आणि काय करू नये

पेडणे-डिचोलीच्या माणसाला कुर्ली म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. तिच्या नांग्या कशा कडेने बाहेर येतात हेही त्याला ठाऊक असते. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पॅरिसमध्ये आलिबेर नावाचे एक त्वचारोगतज्ज्ञ होते. जुन्या जखमेच्या जागी वाढणारी एक विचित्र गाठ त्यांनी काही रुग्णांच्या अंगावर पाहिली. ती मूळ जखमेपुरती न राहता कडेने चांगल्या कातडीत पाय पसरत होती. म्हणून त्यांनी खेकड्याच्या नांगीला असलेल्या ग्रीक शब्दावरून तिला नाव दिले. तेच आजचे केलॉइड.

आपल्याकडे या गाठीला वेगळे नाव नाही. "कान टोचला तो सुजलाच", "टाका वर आला", "इंजेक्शनचा वण फुगला" असे आपण म्हणतो आणि सोडून देतो. पुढे गाठ वाढते, खाजते, फोटोत दिसू लागते. लग्न दोन महिन्यांवर आले की घरात कोणीतरी म्हणते, "एवढीशी तर गाठ, डॉक्टरांकडून कापून घे आणि मोकळी हो." हा लेख त्या सल्ल्याबद्दल आहे. केलॉइड नुसते कापून टाकले तर ते पुन्हा येण्याचे प्रमाण निरनिराळ्या अभ्यासांत ४५ टक्क्यांपासून थेट १०० टक्क्यांपर्यंत आढळले आहे, आणि परत आलेली गाठ कित्येकदा पहिलीपेक्षा मोठी असते. म्हणून सुरी लावायच्या आधी 'कापल्यानंतर काय?' याचे उत्तर ठरलेले असावे लागते. लहान गाठीला तर बहुतेक वेळा सुरीची गरजच नसते.

जखम भरते, पण काम थांबत नाही

कुंपणाची चिरेबंदी भिंत पावसात एका जागी कोसळली की गवंडी येतात, खिंडार बुजवतात आणि निघून जातात. कातडीला भोक पडले की शरीरही तेच करते. फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी जखमेत जमतात आणि कोलॅजनचे धागे विणून जागा भरतात. जागा भरली की त्यांना थांबायचा निरोप मिळतो. पुढचे काही महिने जादा धागे विरघळत जातात आणि वण सपाट, फिका होतो.

केलॉइडमध्ये हा निरोप पोहोचत नाही. जखम भरून कधीच झालेली असते, तरी पेशी धागे विणतच राहतात. भिंत खिंडाराच्या बाहेर शेजारच्या अंगणात सरकत जावी तशी गाठ चांगल्या कातडीवर चढते. यात जंतू नसतात, पू नसतो. ती कर्करोगाची गाठ नाही, आणि एकाची दुसऱ्याला लागतही नाही.

ही प्रवृत्ती बरीचशी घराण्यातून येते. सावळ्या आणि काळ्या कातडीच्या लोकांत ती गोऱ्यांपेक्षा पुष्कळ जास्त दिसते. वयाच्या साधारण दहाव्या ते तिसाव्या वर्षांत तिचा जोर असतो. म्हणजे नेमक्या त्याच वयात, जेव्हा मुलींना दुसरे-तिसरे भोक हवे असते आणि मुलांनाही कानात बाळी घालावीशी वाटते. शरीराचे काही भाग विशेष धोक्याचे आहेत: कान, छातीचा मधला भाग, खांदे आणि दंडाचा वरचा भाग. तळहात-तळपायांवर ती क्वचितच येते.

घरातल्या घरात करता येईल अशी एक साधी पाहणी आहे. आई-बाबा, आजी, मावशी, आत्या यांचे जुने वण एकदा नीट बघा. दंडावरचा बीसीजीच्या लसीचा वण जाड, चकचकीत आणि फुगलेला आहे का? सिझेरियनचा टाका दोरीसारखा वर आला आहे का? दादाच्या छातीवर मुरमांच्या जागी कडक गाठी आहेत का? कोणाच्या कानाला कधी गाठ झाली होती का? यातले एक जरी उत्तर 'हो' असेल तर पुढचे सगळे जास्त काळजीपूर्वक वाचा.

प्रत्येक गाठ केलॉइड नसते

टोचलेल्या कानाजवळ दिसणारी प्रत्येक गाठ एकाच जातीची नसते. उपाय वेगवेगळे असल्याने ती ओळखणे महत्त्वाचे आहे, आणि ओळखीची पहिली खूण म्हणजे ती केव्हा दिसली.

टोचल्यावर काही दिवसांतच कान लाल झाला, गरम लागला, ठणकू लागला, पू आला, तर तो जंतुसंसर्ग. त्यातही कानाच्या वरच्या कडक भागात, म्हणजे कूर्चेत, संसर्ग झाला असेल तर थांबायला वेळ नसतो. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे ती लवकर झडते आणि कानाचा आकार कायमचा बिघडतो. पाळी तशीच मऊ, पण वरचा कान लाल आणि दुखरा, असे दिसले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

दोन-चार आठवड्यांनी भोकाच्या तोंडाशी लालसर, ओली, जरा धक्का लागला की रक्त येणारी मऊ फोडी दिसली, तर ती बहुधा चिडलेल्या जखमेची फोडी असते. दागिना घासणे, सतत फिरवणे, निकेलची अॅलर्जी ही तिची नेहमीची कारणे. कारण दूर केले की ती बहुतेक वेळा जाते.

एक-दोन महिन्यांत वण उंच झाला, पण मूळ जखमेच्या रेषेबाहेर गेला नाही, तर त्याला डॉक्टर हायपरट्रॉफिक स्कार म्हणतात. ऑपरेशनच्या टाक्यावर हा जास्त दिसतो. दिसायला तो केलॉइडसारखाच वाटतो, पण स्वभावाने सालस असतो. वर्ष-दीड वर्षात आपणहून बसत जातो.

केलॉइड उशिरा येते. जखम नीट भरलेली असते, सगळे विसरलेले असतात, आणि तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी, कधी वर्ष उलटल्यावर पाळीच्या मागे काहीतरी कडक लागते. रबरासारखे घट्ट, वरची कातडी ताणलेली, गुळगुळीत आणि चकचकीत. खाज येते, कधी टोचल्यासारखे दुखते. ते मूळ भोकाच्या बाहेर पसरते आणि आपणहून जात नाही. पाळीवर ते पुष्कळदा डमरूसारखे असते: थोडे पुढे, जास्त मागे, आणि मधे भोकाच्या वाटेने दोन्हीला जोडणारा दांडा. समोरून मूगाएवढे दिसणारे मागे सुपारीएवढे असू शकते. म्हणून कान आरशात पाहू नका, कोणाला तरी मागून फोटो काढायला सांगा.

टोचण्याआधी

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात कान टोचण्यावर एक स्वतंत्र अध्याय आहे. बाळाचे कान सहाव्या किंवा सातव्या महिन्यात टोचावेत, उन्हाकडे धरून पातळ, उजेड आरपार दिसणारी जागा शोधावी, हळूहळू सरळ टोचावे, असे त्यात सांगितले आहे. चुकीच्या जागी टोचल्यास काय काय होते याचीही यादी आहे. पातळ जागा, सरळ भोक, कमीत कमी इजा, हे तत्त्व आजही तसेच लागू आहे. सहा-सात महिन्यांचे वयही सोयीचे पडते, कारण आपल्या लसीकरणात धनुर्वातापासून संरक्षण देणारे पहिले तीन डोस सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात होऊन गेलेले असतात.

वयाचा केलॉइडशीही संबंध दिसतो. अमेरिकेत २००५ साली बालरोगाच्या एका नियतकालिकात एक छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला. कान टोचल्याने केलॉइड झालेल्या ३२ जणांना त्यांच्या सगळ्या टोचण्यांबद्दल विचारले होते. अकराव्या वर्षानंतर टोचलेल्यांपैकी ८० टक्के जणांना गाठ झाली होती. अकराच्या आत टोचलेल्यांत ते प्रमाण सुमारे २४ टक्के होते. ही माणसे मुळातच केलॉइडच्या प्रवृत्तीची होती, त्यामुळे हे आकडे सगळ्यांना लागू नाहीत. पण घरात प्रवृत्ती असेल तर अर्थ स्पष्ट आहे: मुलीचे कान टोचायचेच असतील तर लहानपणी टोचा, आणि मोठेपणी नवी भोके वाढवू नका.

आपल्याकडे कान आता तीन ठिकाणी टोचले जातात: सोनाराकडे, ब्यूटी पार्लरमध्ये बंदुकीने, आणि हरमल-मोरजीच्या किनारपट्टीवर टॅटू काढणाऱ्यांकडे. केलॉइडची प्रवृत्ती असेल तर यातली कोणतीही जागा तुम्हाला हमी देऊ शकत नाही, पण इजा कमी-जास्त होते हे खरे. बंदूक बोथट टोकाची कुडी स्प्रिंगच्या जोरावर कानातून ढकलते. पाळीला ते कसेबसे चालते, पण वरच्या कूर्चेला ते चिरडते. शिवाय प्लास्टिकची बंदूक दाबयुक्त वाफेने निर्जंतुक करता येत नाही. नवी, सीलबंद, पोकळ सुई कमी इजा करते. पहिला दागिना टायटॅनियमचा किंवा चांगल्या सोन्याचा असावा, कारण स्वस्त धातूतले निकेल कातडीला महिनोन् महिने चिडवत ठेवते.

टोचल्यावर दिवसातून दोनदा उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्याने पुसावे. एक कप पाण्याला पाव चमचा मीठ पुरे. दागिना फिरवत बसू नये. मे महिन्याच्या घामात आणि पावसातल्या दमटपणात जागा कोरडी ठेवणे कठीण जाते, म्हणून निवड हातात असेल तर थंडीचे दिवस बरे. पाळी भरायला सुमारे सहा आठवडे लागतात. कूर्चेला कित्येक महिने, कधी वर्षही.

बुगडीची गोष्ट इथे वेगळी सांगायला हवी. बुगडी कानाच्या वरच्या कडेला घालतात, म्हणजे थेट कूर्चेत. आजीच्या पेटीतली मोत्याची बुगडी लग्नात घालायची म्हणून विसाव्या-पंचविसाव्या वर्षी वरचा कान टोचून घेणाऱ्या मुली पुष्कळ आहेत. घरात केलॉइड असेल तर हे सर्वांत वाईट वय आणि सर्वांत वाईट जागा. आता चापाची बुगडी आणि चापाची नथ कुठेही मिळते, आणि आजीची जुनी बुगडीही सोनाराकडून चापाची करून घेता येते. दागिना तोच राहतो, भोक मात्र पडत नाही.

गाठ हरभऱ्याएवढी असताना

आता एक उदाहरण सविस्तर पाहू. समजा, डिचोलीची एकोणीस वर्षांची कॉलेजात जाणारी मुलगी आहे. तिच्या आईच्या दंडावरचा लसीचा वण फुगलेला आहे, पण त्याकडे कधी कोणी लक्ष दिलेले नाही. मुलीने डिसेंबरात दोन्ही पाळ्यांना दुसरे भोक पाडले. जानेवारीअखेर सगळे भरले. एप्रिलमध्ये उजव्या पाळीच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढे कडक लागले. जूनमध्ये ते हरभऱ्याएवढे झाले आणि रात्री खाजू लागले.

एप्रिलमध्येच, जाडपणा हाताला लागताच, तिने त्या भोकातला दागिना काढायला हवा होता. संसर्ग नसताना कातडी जाड होऊ लागणे हीच केलॉइडची पहिली सूचना. त्या वेळी दाब देणारी क्लिप लावली तर गाठ तिथेच आवरता येऊ शकते. ही दिसायला चापाच्या कुडीसारखी असते. पाळीला दोन्ही बाजूंनी सारखा दाब देते, त्यामुळे आतला रक्तपुरवठा कमी होतो आणि धागे विणणाऱ्या पेशी मंदावतात. ती दिवसातले किमान सोळा तास, सहा ते बारा महिने लावावी लागते. झोपतानाही. दाब किती, याची घरगुती खूण अशी: क्लिप काढल्यावर कातडी पांढरीफटक पडलेली नसावी, आणि दुखू नये. फार घट्ट क्लिपने कातडीला नवी जखम होते, म्हणजे मूळ रोगालाच खतपाणी.

जूनमध्ये ती डिचोलीच्या सामाजिक आरोग्य केंद्रात गेली आणि तिथून बांबोळीच्या गोमेकॉत त्वचारोग विभागात. पेडण्याची असती तर म्हापशाच्या जिल्हा रुग्णालयातून तिथेच पोहोचली असती. इथे पहिला उपाय म्हणजे गाठीत स्टेरॉइडचे इंजेक्शन. औषधाचे नाव ट्रायमसिनोलोन. गाठीच्या कडकपणाप्रमाणे मिलिलिटरला १० ते ४० मिलिग्रॅम एवढे तीव्र औषध वापरतात आणि दर चार ते सहा आठवड्यांनी देतात. हरभऱ्याएवढ्या गाठीत एका वेळी थेंब-दोन थेंबच मावतात. सुई गाठीच्या आतच असावी लागते. खाली चरबीत गेली तर तिथे खड्डा पडतो. घट्ट गाठीत औषध ढकलताना जोर लागतो आणि दुखते, हे आधीच माहीत असलेले बरे. भूल देणारे मलम किंवा इंजेक्शन मागता येते.

पहिल्या एक-दोन वेळांतच खाज थांबते. गाठ सपाट व्हायला चार ते सहा फेऱ्या लागू शकतात. सरासरी ५० ते ८० टक्के गाठी या इंजेक्शनांनी लहान होतात. पण त्यातल्या बऱ्याच पुढच्या पाच वर्षांत पुन्हा डोके वर काढतात. म्हणून गाठ बसल्यावरही क्लिप चालू ठेवायची आणि महिन्यातून एकदा बोट फिरवून पाहायचे.

इंजेक्शनच्या जागी कातडी पातळ होणे, पांढरट डाग पडणे, बारीक लाल शिरा दिसणे असे होऊ शकते. काही मुलींची पाळी महिना-दोन महिने मागेपुढे होते. मधुमेह असेल तर साखर वाढू शकते, तेव्हा ते आधी सांगायचे. नुसत्या ट्रायमसिनोलोनने काम होत नसेल तर त्यात ५-फ्लुरोयुरॅसिल मिसळतात. हे मुळात कर्करोगाचे औषध, पण इथे फार थोड्या प्रमाणात आणि फक्त गाठीत जाते. गरोदरपणात ते चालत नाही. द्रव नायट्रोजनने गाठ गोठवणे हाही उपाय आहे. लहान गाठीवर तो चांगला चालतो, पण सावळ्या कातडीवर पांढरा डाग राहू शकतो.

या काळात घरून येणारे सल्ले थांबवावे लागतात. चुना कातडी जाळतो. गाठीला घट्ट दोरा बांधला तर ती काळी पडून गळते, आणि उघड्या जखमेतून दुप्पट उगवते. टूथपेस्ट, लिंबू, कांद्याचा रस, व्हिटॅमिन ईचे तेल यांनी कोलॅजनची गाठ विरघळत नाही. वर कातडी चिडते ती वेगळीच. हळदीचा लेप निरुपद्रवी वाटतो, पण तीन महिने लेप लावत बसणे म्हणजे गाठीला वाढायला तीन महिने देणे.

गाठ आवळ्याएवढी झाल्यावर

समजा, याच मुलीने काहीच केले नाही आणि दोन वर्षांनी आवळ्याएवढी गाठ घेऊन ती आली. आता केवळ इंजेक्शनने भागणे कठीण. शस्त्रक्रियेचा विचार योग्य ठरतो, पण ती उपचाराचा शेवट नसून सुरुवात असते, असे धरून चालायचे.

चांगली योजना अशी असते. प्लास्टिक सर्जन गाठीवरची चांगली कातडी जपून ठेवतात, आतला कडक गाभा भोकाच्या दांड्यासकट काढतात आणि तीच कातडी ताण न देता परत बसवतात. पुढची गाठ काढून दांडा आत ठेवला तर तिथूनच पुन्हा वाढ होते. काढलेली गाठ पॅथॉलॉजी तपासणीला पाठवावी, कारण क्वचित दुसराच आजार केलॉइडचे सोंग घेऊन येतो. ऑपरेशनच्या वेळी किंवा टाके काढताना स्टेरॉइडचे पहिले इंजेक्शन, मग दर महिन्याला काही महिने. टाके साधारण आठवडा-दहा दिवसांनी निघतात. जखम पूर्ण मिटली की दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून दाबाची क्लिप, आणि ती सहा महिने ते वर्षभर.

वारंवार परत येणाऱ्या गाठीसाठी ऑपरेशननंतर किरणोपचार देतात. तो लगेच, शक्यतो पहिल्या चोवीस तासांत सुरू व्हावा लागतो, आणि दोन ते चार बैठकांत संपतो. त्याने पुन्हा येण्याचे प्रमाण बरेच खाली येते. पण ऑपरेशन एका गावात आणि किरणोपचाराची मशीन दुसऱ्या गावात असेल तर ही वेळ पाळता येत नाही, म्हणून दोन्हींची तारीख ऑपरेशनपूर्वीच मिळालेली असावी. लहान मुलांना आणि गरोदर स्त्रियांना हा उपचार देत नाहीत. तरुण वयातही पुढच्या अनेक वर्षांतला थोडा धोका लक्षात घेऊनच ठरवतात.

आता लग्न दोन महिन्यांवर असताना कापून घेण्याचा सल्ला का चुकतो ते कळेल. लग्नाच्या दिवशी कान छान दिसेलही. पण क्लिप लावायचे आणि इंजेक्शने घ्यायचे महिने नेमके मुहूर्त, पाहुणे आणि सासरी जाण्यात निघून जातात, आणि त्याच कानात जड झुमका लटकतो. केलॉइड असलेल्या मुलीने ऑपरेशन लग्नाच्या वर्षभर आधी तरी करावे, नाहीतर लग्नानंतर सवडीने. दोन्हीकडच्या घरांना हे एकदा मोकळेपणाने सांगितले की प्रश्न सुटतो. गाठ लपवायला केसांची विशिष्ट ठेवण करत राहण्यापेक्षा ते सोपे आहे.

यश मोजायलाही घाई नको. दर महिन्याला एकाच जागेहून, शेजारी रुपयाचे नाणे धरून फोटो काढावा. वणाच्या रेषेवर पुन्हा खाज सुटणे ही परत येण्याची सर्वांत पहिली खूण, डोळ्यांना काही दिसण्याच्याही आधीची. खाज आली की पुढच्या तपासणीची वाट न पाहता जावे. अशी किमान दोन वर्षे काढली की मग निवांत झाले म्हणता येते.

पोटावरचा टाका

कानाच्या अनुभवाचा सर्वांत मोठा उपयोग पुढे होतो, एखाद्या ऑपरेशनच्या वेळी. कानाला केलॉइड झालेली मुलगी दहा वर्षांनी प्रसूतीसाठी दवाखान्यात जाते, तेव्हा तो कान कोणाला आठवत नाही. तो आठवायला हवा. आपल्याला किंवा आईला केलॉइड झाले होते हे स्त्रीरोगतज्ज्ञांना आधीच सांगितले, तर सिझेरियनचा छेद कातडीच्या नैसर्गिक रेषेत आडवा घेणे, टाके ताण न देता घालणे आणि पुढच्या काळजीची योजना करणे त्यांना सोपे जाते. बायपासच्या वेळी बहुतेकदा छातीच्या मध्यावर चीर द्यावी लागते; पण तिथेही पुढची तयारी आधीपासून करता येते.

टाका पूर्ण मिटल्यावर, साधारण दोन आठवड्यांनी, सिलिकॉनची पट्टी किंवा जेल सुरू करतात. पट्टी दिवसातले बारा तासांहून अधिक, शक्य तितकी जास्त वेळ, निदान दोन-तीन महिने लावायची. ती धुऊन पुन्हा वापरता येते. आपल्याकडच्या घामात तिच्याखाली घामोळे येते. तसे झाले तर दिवसभराऐवजी रात्री लावावी किंवा जेल वापरावे. उघड्या किंवा ओल्या जखमेवर सिलिकॉन लावायचे नाही.

आणि जे ऑपरेशन गरजेचेच नाही, ते केलॉइडच्या घराण्यात टाळलेले बरे: छातीवरचा निरुपद्रवी तीळ काढणे, खांद्यावरचा टॅटू, फाटलेली पाळी केवळ लग्नासाठी शिवून घेणे. यांतले शेवटचे करायचेच असेल तर आधी विचारा की टाके निघाल्यावर क्लिप आणि इंजेक्शने कोण बघणार. याचे उत्तर मिळेपर्यंत सुरीला होकार देऊ नका. चापाच्या कुड्या तोवर चालतील.